परकी शिवी हलकी का वाटते: एका प्रतिक्रियेला उत्तर

«इंग्रजी शिव्या परक्या म्हणून हलक्या वाटतात, हे पटलं नाही. 'हरामखोर' तरी कुठे आपला आहे? अरबी-फारसीच ना? तरी तो कानाखाली बसल्यासारखा लागतो. खरं कारण इंग्रजीचा रुबाब, दुसरं काही नाही.»

'हरामखोर'मधला हराम अरबी आणि खोर फारसी, हे बरोबर आहे. पण आपल्यापैकी कुणी तो परका शब्द म्हणून शिकलेलं नाही. तो लहानपणीच कानावर पडतो, मोठ्यांच्या भांडणात, चढलेल्या आवाजात, आणि आपण तो उच्चारला की फटका बसतो. शब्दाचा जन्म कुठला हे जिभेला ठाऊक नसतं. तो कुठल्या वयात आणि कुणाच्या रागासकट मिळाला, हे मात्र अंगात राहतं.

यावर एक प्रयोग झाला आहे. कॅथरीन हॅरिस आणि सहकाऱ्यांनी तो 2003 मध्ये प्रसिद्ध केला. मातृभाषा तुर्की आणि नंतर इंग्रजी शिकलेल्या लोकांना दोन्ही भाषांतले शब्द ऐकवून-दाखवून त्यांच्या त्वचेची विद्युतवाहकता मोजली. भावना चाळवली की घाम सुटतो आणि हा आकडा वाढतो. निषिद्ध शब्दांना मातृभाषेत जास्त प्रतिसाद मिळाला. सगळ्यात बोलकं म्हणजे 'लाज नाही वाटत?' अशा धर्तीची, लहान मुलांना दटावायची वाक्यं. तीही मातृभाषेतच जास्त झोंबली. म्हणजे शब्द अश्लील असणं गरजेचं नव्हतं, बालपणीचा धाक पुरेसा होता.

मराठीत हा फरक व्याकरणातही दिसतो. रागाने आपण 'मूर्खा', 'गाढवा', 'हरामखोरा' अशी हाक मारतो. 'इडियटा' किंवा 'स्टुपिडा' सहसा कुणी म्हणत नाही; ते शब्द संबोधनाचा प्रत्यय न घेता तसेच फेकले जातात. हिंदीने त्यांना 'इडियट कहीं का', 'स्टुपिड कहीं की' असं थोडं जवळ घेतलं आहे. तरी आई-बहिणीवरून दिलेल्या शिवीने हात उठतो, तसा यांनी उठत नाही. त्या शिव्या नात्यावर घाव घालतात, 'इडियट' फक्त अकलेवर बोट ठेवतो. हाही फरक मोठाच आहे आणि तो परकेपणात मोजू नये.

आणि आपली शिवीही झिजते. 'च्यायला' मूळचं 'तुझ्या आयला'; आज बस चुकली तरी तोंडातून निघतं, कुणाच्या आईचा विचारही मनात नसतो.

रुबाबाचं म्हणाल, तर त्याने बोलणाऱ्याला मोकळीक मिळते. चारचौघांत मराठी शिवी दिली तर तो असभ्य ठरेल, 'नॉन्सेन्स' म्हटलं की नुसता चिडलेला वाटतो. पण ऐकणाऱ्याला तोच रुबाब उलटा लागू शकतो. ज्याला इंग्रजी नीट येत नाही, त्याला साहेबाने सगळ्यांसमोर 'इडियट' म्हटलं तर त्यात अकलेबरोबर शिक्षणही काढल्यासारखं होतं. तिथे हा शब्द मुळीच हलका नसतो. आणि जी मुलं आई-वडिलांच्या तोंडून रोज 'स्टुपिड' ऐकत वाढतात, त्यांच्यासाठी तो परका उरणारच नाही. मोठेपणीही तो त्यांना 'गाढवा'इतकाच लागेल, असं मला ठामपणे वाटतं.