रशियन-अरबीत 'आहे' कुठं जातं?

"रशियन आणि अरबी भाषेत 'आहे' हा शब्दच नाही. त्यांची वाक्यं अर्धवट असतात, ऐकणारा अंदाजानं अर्थ लावतो. भाषांतर करताना शेवटी 'आहे' चिकटवलं की काम झालं."

शब्द आहे, पण वर्तमानकाळात तो सहसा उच्चारत नाहीत. रशियनमध्ये 'ओन व्राच' म्हणजे 'तो डॉक्टर'. हेच पूर्वीचं सांगायचं तर 'ओन बिल व्राचोम', पुढचं सांगायचं तर 'ओन बूद्येत व्राचोम'. क्रियापद तर आलंच, शिवाय 'व्राच'चं 'व्राचोम' झालं. 'माझ्याकडे पुस्तक आहे' असं म्हणताना तर 'येस्त्' हा शब्द वर्तमानकाळातही येतो.

आणि आपण तरी काय करतो? सांगलीच्या मार्केट यार्डात कुणी ओळख करून देतो, "हा माझा भाऊ. गाव तासगाव. धंदा बेदाण्याचा." तिन्ही वाक्यांत 'आहे' नाही. धंदा बंद पडला असेल तर मात्र "धंदा बेदाण्याचा होता" असंच म्हणावं लागतं. या वाक्यांना अर्धवट म्हणायचं धाडस आपल्याकडे कुणी करणार नाही.

अंदाजाचा मुद्दा अरबीनं नीट तपासता येतो. तिथं 'अल्' हा ठरावीक, माहितीतली वस्तू दाखवतो. 'अल्-बैतुल्-कबीरु' यात घर आणि मोठं, दोन्हींना 'अल्' लागला, म्हणून अर्थ 'ते मोठं घर'. वाक्य अजून व्हायचंय. 'अल्-बैतु कबीरुन' यात फक्त घराला 'अल्' लागला, म्हणून अर्थ 'घर मोठं आहे'. वाक्य पूर्ण झाल्याची खूण व्याकरणातच आहे. जिथं गोंधळ होऊ शकतो तिथंही सोय आहे. 'हाज़ल्-मुदीर' हे सहसा 'हा व्यवस्थापक' एवढंच वाटतं, म्हणून मध्ये 'हुवा', म्हणजे 'तो', घालतात: 'हाज़ा हुवल्-मुदीर', हा व्यवस्थापक आहे. भूतकाळात 'काना' येतं आणि 'कबीरुन'चं 'कबीरन' होतं: 'कानल्-बैतु कबीरन', घर मोठं होतं. नकाराला वेगळं 'लैसा' आहे.

भाषांतरात खरी चूक होते ती 'आहे' सरसकट लावल्यानं. रशियन 'एता मोय ब्रात' याचं मराठी 'हा माझा भाऊ'. इथं काही जोडायची गरज नाही. 'स्न्येग ब्येली' मध्ये बर्फ आणि पांढरा एवढेच दोन शब्द. खिडकीबाहेरच्या बर्फाबद्दल बोलणं चाललं असेल तर 'बर्फ पांढरा आहे', बर्फाचा स्वभाव सांगायचा असेल तर 'बर्फ पांढरा असतो'. हा फरक रशियन वाक्यात दिसत नाही, मराठीत टाळता येत नाही. तो आधीच्या-नंतरच्या वाक्यांतून शोधावा लागतो. 'ओन व्राच'चंही तसंच. तरुण मुलाबद्दल असेल तर 'तो डॉक्टर आहे', पण नातू आजोबांबद्दल सांगत असेल तर 'ते डॉक्टर आहेत'. रशियन 'ओन' दोघांनाही चालतो.