रिफ्रेशर कोर्स आणि ड्युटी लीव्ह: फिरत असलेल्या मेसेजला उत्तर

‘रिफ्रेशरला निवड झाली की ड्युटी लीव्ह मिळतेच, तो आपला हक्क आहे. आधी अर्ज करायची घाई नको, परत आल्यावर सर्टिफिकेट जोडून दिला की झालं. प्राचार्यांनी आडकाठी केली तर सरळ सीएल टाकून जा, नंतर ती ड्युटीत बदलून घेता येते. पगार दोन्हीत पूर्णच मिळतो, त्यामुळे फरक काहीच नाही. आणि कोर्स ऑनलाइन असेल तर रजेचा प्रश्नच येत नाही.’

प्राध्यापकांच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतो तेव्हा त्याचा फटका नव्याने लागलेल्या सहायक प्राध्यापकांना बसतो, म्हणून सविस्तर लिहितो आहे. आधार यूजीसीच्या जुलै २०१८च्या नियमावलीचा. तुमच्या राज्याने आणि विद्यापीठाने ती कोणत्या फेरफारांसह स्वीकारली आहे, ते कार्यालयात एकदा पाहून घ्या.

सुरुवात पगारापासून करू, कारण बाकीचे गैरसमज तिथूनच निघतात. पगार पूर्ण मिळतो हे बरोबर. प्रश्न आहे तो दिवस कोणत्या खात्यातून वजा होतात हा. नैमित्तिक रजा, म्हणजे आपली सीएल, शैक्षणिक वर्षाला ८ दिवस. अर्जित रजा, म्हणजे ईएल, सेवेच्या तीसाव्या हिश्श्याने जमते, म्हणजे वर्षाला साधारण १२ दिवस. कर्तव्य रजा, म्हणजेच ड्युटी लीव्ह, या दोन्हींपासून वेगळी आहे. तिची मर्यादा शैक्षणिक वर्षाला ३० दिवस, आणि ती घेतल्याने सीएल किंवा ईएलच्या शिलकीला हात लागत नाही.

आता दोन आठवड्यांचा रिफ्रेशर घ्या. सोमवारी सुरू झाला, पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी संपला. मधला रविवार सोडला तर कामाचे १२ दिवस. वर्षभरात एकही सीएल घेतलेली नसली, तरी आठव्या दिवशी ती संपते. उरलेल्या चार दिवसांना ईएल लावू म्हणाल, तर तेही जमत नाही, कारण विशेष नैमित्तिक रजा सोडल्यास सीएल इतर कोणत्याही रजेला जोडता येत नाही. मग सगळा काळ ईएलवर टाकावा लागतो. मधला रविवारही त्यात मोजला जातो आणि १३ दिवस जातात. वर्षभर जमवलेली अर्जित रजा एका कोर्सात संपते, तीही पदोन्नतीसाठी करावा लागणाऱ्या कोर्सात. घरात आजारपण आलं की या दिवसांची किंमत कळते.

हक्काबद्दल. नियमात कर्तव्य रजा ‘देता येईल’ अशी आहे, ‘द्यावीच लागेल’ अशी नाही. अट अशी की शिक्षकाला विद्यापीठाने पाठवलेलं असावं किंवा तो परवानगी घेऊन गेलेला असावा. किती दिवस द्यायचे तेही मंजूर करणारा अधिकारी ठरवतो. आणि इथे एक गल्लत सर्रास होते. कोर्ससाठी अर्ज करताना प्राचार्यांची सही-शिक्का लागतो, आणि अनेकांना वाटतं की तीच रजेची मंजुरी. प्रत्यक्षात ती फक्त शिफारस असते. निवडीचं पत्र प्रशिक्षण केंद्राकडून येतं, रजा महाविद्यालय देतं. एकावरून दुसरं आपोआप होत नाही. सही देताना प्राचार्यांना कोर्सच्या तारखाही नेमक्या ठाऊक नसतात. त्याच आठवड्यात विद्यापीठाच्या परीक्षा निघाल्या तर ते रजा नाकारू शकतात, आणि त्यात नियमभंग नाही.

नंतर बदलून घेण्याची गोष्ट म्हणूनच सर्वांत धोक्याची आहे. कर्तव्य रजेचा पायाच परवानगी हा आहे, आणि सीएल टाकून गेलेल्या माणसाने ती घेतलेलीच नसते. हजेरीपटावर ‘सीएल’ लागलेलं असतं, तुमच्याच सहीचा सीएलचा अर्ज फायलीत असतो. सर्टिफिकेटवरून तुम्ही कोर्स केला एवढंच सिद्ध होतं, महाविद्यालयाने पाठवलं हे नाही. कार्योत्तर मंजुरी मिळतेही कधीकधी, पण ती सर्वस्वी समोरच्याच्या मर्जीवर. प्राचार्य बदलले तर नवे प्राचार्य जुन्या तोंडी होकारावर सही का करतील?

तेव्हा अर्ज निवडपत्र आलं त्याच दिवशी करावा. ते पत्र उशिरा आल्यामुळे कोर्सची तारीख अगदी तोंडावर आली असेल, तर निघण्याआधी निदान अर्ज आवक करून पोहोच घ्यावी. अर्जाचा मजकूर मोठा नको. साधारण असा:

‘विषय: रिफ्रेशर कोर्ससाठी कर्तव्य रजा मंजूर करणेबाबत. महोदय, आपल्या शिफारशीने मी अर्ज केलेल्या उपरोक्त कोर्ससाठी माझी निवड झाली आहे (निवडपत्र सोबत). कोर्स दि. … ते दि. … या कालावधीत … येथे आहे. या १३ दिवसांची कर्तव्य रजा मंजूर करावी, तसेच आदल्या रविवारी मुख्यालय सोडण्याची परवानगी द्यावी. चालू शैक्षणिक वर्षात यापूर्वी … दिवस कर्तव्य रजा घेतली आहे. माझ्या तासिकांची पर्यायी व्यवस्था सोबतच्या तक्त्याप्रमाणे केली असून संबंधित सहकाऱ्यांच्या सह्या घेतल्या आहेत.’

यातली दोन वाक्यं लोक हमखास गाळतात. एक, आधी घेतलेल्या दिवसांचं. वर्षाच्या सुरुवातीला चार आठवड्यांचा इंडक्शन प्रोग्राम केला असेल तर ३० पैकी २८ दिवस तिथेच गेले, आणि मग १३ दिवसांचा रिफ्रेशर त्याच शैक्षणिक वर्षात बसत नाही. हे कार्यालयाने शोधून काढण्याआधी तुम्हीच पाहिलेलं बरं, म्हणजे पुढच्या वर्षाची बॅच निवडता येते. दुसरं, तासिकांचं. अर्ज अडतात ते बहुतेक वेळा याच जागी. ‘व्यवस्था करतो’ असं मोघम लिहिण्याऐवजी वार, वेळ, वर्ग आणि कोण घेणार असा तक्ता लावा. विभागप्रमुखांची शिफारसही त्याच कागदावर घ्या.

मंजुरी लेखी हवी, आणि तिच्यात ‘कर्तव्य रजा’ हे शब्द हवेत. नुसतं ‘परवानगी आहे’ असा शेरा असेल तर कारकून तुम्हाला कोणत्याही रजेत टाकू शकतो. बाहेरगावी जात असाल तर कार्यमुक्तीचं पत्र घेऊन निघा. परतल्यावर पहिल्याच कामाच्या दिवशी रुजू अहवाल द्या आणि त्याला केंद्राचं उपस्थितीचं पत्र जोडा. सर्टिफिकेट कधीकधी उशिरा मिळतं, त्यासाठी रुजू अहवाल थांबवू नका. महिनाअखेरीला हजेरीपटावर काय लागलंय ते स्वतः बघा, सेवापुस्तिकेतली नोंदही.

राहिला ऑनलाइन कोर्स. घरून किंवा स्टाफरूममधून लॉगिन करायचं म्हणून रजा नको, हे दिवसभराच्या सत्रांना लागू पडत नाही. कोर्सची उपस्थिती सत्रागणिक नोंदली जाते, आणि त्याच वेळेला हजेरीपटावर तुमची सही व वर्गावर तुमचा तास दिसत असेल तर दोन्ही नोंदी एकमेकींना खोट्या पाडतात. कॅसच्या, म्हणजे पदोन्नतीच्या, फायलीत तेच सर्टिफिकेट लावायचं असतं. सत्रं संध्याकाळची असतील तर रजा लागणार नाही, पण दिवसाची असतील तर अर्ज वरच्यासारखाच करा, फक्त ठिकाणाऐवजी ‘ऑनलाइन, रोज … ते … या वेळेत’ असं लिहा. काही महाविद्यालयं अशा वेळी पूर्ण रजेऐवजी तासिकांतून सूट देतात. ती चालेल, पण तीही लेखी घ्या.

प्राचार्यांनी नाहीच दिली, तर कारण अर्जावरच लिहून मागा आणि केंद्राला ताबडतोब कळवा, म्हणजे तुमची जागा प्रतीक्षा यादीतल्या कुणाला तरी मिळते. पुढच्या बॅचचा अर्ज करताना त्या नकाराची प्रत जोडा.