कुकरच्या वासाबद्दलच्या तक्रारीला दुकानाचं उत्तर

★★☆☆☆
"आठ महिन्यांपूर्वी इथून पाच लिटरचा ऍल्युमिनियमचा कुकर घेतला. आता साध्या भातालाही मटणाचा वास येतो. रिंग व्हिनेगर आणि सोड्यात एकत्र भिजवली, फ्रीजमध्ये ठेवली, काही उपयोग नाही. शिट्टी उशिरा होते आणि वरणाचं पाणी ओट्यावर उडतं. दुकानात विचारलं तर म्हणे नवीन रिंग घ्या. यांना फक्त विकायचं आहे."

नमस्कार ताई,

रिंग आजच विकत घेऊ नका. झाकण आहे तसंच राहिलं तर नवी रिंगही थोड्या दिवसांत तोच वास धरेल. तुमच्या लिहिण्यावरून अडचणी दोन दिसतात. रिंगमध्ये जुना वास मुरला आहे आणि वाफेची नळी अर्धवट तुंबली आहे. दोन्हींची साफसफाई वेगळी आहे, म्हणून आधी वास नेमका कुठून येतो ते पाहा.

रिंग काढून स्टीलच्या डब्यात ठेवा, ती बुडेल इतकं उकळतं पाणी ओता आणि झाकण लावून दहा मिनिटं थांबा. डबा उघडल्याबरोबर हुंगा. मग कुकरचं झाकण उलटं धरून नळीवर आणि हँडलच्या स्क्रूंवर उकळतं पाणी ओता आणि तिथलाही वास घ्या. बऱ्याचदा खरा गुन्हेगार झाकणच निघतं. हँडलची पट्टी झाकणाला जिथे स्क्रूने जोडलेली असते त्या फटीत चरबी आणि मसाला साठतो, आणि रोजच्या घासण्यात तिथे काथ्या पोहोचत नाही.

रिंग वास का धरते ते समजलं की पुढची कृती आपोआप पटते. मटणाचा, लसणाचा किंवा लवंगेचा वास ज्या द्रव्यांचा असतो ती पाण्यात फारशी विरघळत नाहीत, तेला-तुपात विरघळतात. कुकर दाबाखाली असताना आतलं तापमान १२० अंशांच्या आसपास जातं. अशा तापलेल्या रबरात ही द्रव्यं चरबीबरोबर थेट आत शिरतात. सिलिकॉनची पांढरी किंवा राखाडी रिंग या बाबतीत काळ्या रबरी रिंगपेक्षा जास्त शोषून घेते. रिंग गार झाली की वास आत अडकतो आणि पुढच्या वेळी तापली की भातात उतरतो. म्हणून वरून कितीही घासली तरी पुरत नाही. आधी चरबी काढायची आणि मग आतलं तापवून बाहेर घालवायचं, असा क्रम लागतो.

व्हिनेगर आणि सोडा एकत्र घातल्यावर फेस येतो, म्हणून काहीतरी जोरात साफ होतंय असं वाटतं. प्रत्यक्षात आम्ल आणि सोडा एकमेकांना निकामी करतात. फेस बसला की उरतं ते जवळजवळ खारट पाणी. दोन्ही कामाचे आहेत, पण वेगवेगळे. व्हिनेगर मासळीच्या उग्र वासावर आणि पाण्याच्या क्षारांवर चालतं, सोडा खवट झालेल्या चरबीवर. लसूण-कांद्याच्या वासावर मात्र दोन्हींचा फार उपयोग नाही, तिथे वाफच लागते.

आता तुमच्या रिंगचं. एक लिटर चांगल्या गरम पाण्यात एक चमचा भांड्यांचं लिक्विड घालून रिंग वीस मिनिटं बुडवा. मग जुन्या मऊ टूथब्रशने तिच्या दोन्ही कडा आणि आतली खाच घासा. तारेचा काथ्या वापरू नका, त्याचे ओरखडे पडले की चरबी तिथेच बसते आणि वाफही तिथूनच निसटू लागते. गरम पाण्यानेच खळबळा, गार पाण्याने चरबी पुन्हा घट्ट होते. त्यानंतर अर्धा कप पांढरं व्हिनेगर आणि दीड कप पाणी एकत्र करून त्यात रिंग अर्धा तास ठेवा. रात्रभर ठेवू नका, नाहीतर व्हिनेगरचाच वास रिंगमध्ये मुरतो. यावरही खवट वास उरला तर दुसऱ्या दिवशी दोन चमचे खायचा सोडा थोड्या पाण्यात कालवून रिंगला लावा, तासाभराने धुवा. हा सोडा ऍल्युमिनियमच्या कुकरमध्ये उकळू मात्र नका, भांडं काळं पडतं आणि पृष्ठभाग खातो. स्टीलच्या ताटात काम करा.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. आधी नळी साफ करा, त्याची रीत पुढे आहे. मग धुतलेली रिंग झाकणाला बसवा, कुकरमध्ये तीन कप पाणी आणि लिंबाचं एक साल टाका. साल वासासाठी नाही, आतून कुकर काळा पडू नये म्हणून. झाकण लावा, पण शिट्टी ठेवू नका. मध्यम आचेवर नळीतून वाफेची सरळ धार सुरू झाली की दहा मिनिटं तशीच चालू द्या. शिट्टी लावून वाफ कोंडली तर निघालेला वास आतच फिरत राहतो. गॅस बंद करून वाफ पूर्ण निवू द्या, ते पाणी ओतून टाका आणि रिंग कोमट असतानाच काढून घ्या. हे सगळं आणखी एकदा करा, दुसऱ्यांदा नवीन पाणी घेऊन.

रिंग दोन दिवस झाकणापासून वेगळी, हवेशीर जागी लटकवून ठेवा. सिलिकॉनची असेल तर तासभर ऊन दिलं तरी चालतं. काळी रबरी असेल तर सावलीतच वाळवा, रोजच्या उन्हाने ती कडक होऊन तडकते. मग डब्यातली उकळत्या पाण्याची चाचणी पुन्हा करा. वास निम्म्याहून कमी झाला असेल तर भात करून पाहा. सिलिकॉनमधला वास शंभर टक्के जाईलच असं नाही, विशेषतः आठ महिने मटण आणि भात एकाच रिंगवर झाले असतील तर. तसं असेल तर ही रिंग मटण-मासळीसाठी ठेवा आणि भात-वरणासाठी दुसरी घ्या. आमच्या काउंटरवरून रिंग सुचवली जाते ती त्यासाठी, आणि त्या सल्ल्याला अर्थ आहे, पण साफसफाईनंतर.

फ्रीजचं म्हणाल तर गार रबर आखडतं आणि सैल झालेली रिंग थोडा वेळ घट्ट बसते, म्हणून घराघरांत ही सवय आहे. वासाला त्याचा उपयोग नाही. थंडीत वास उडत नाही इतकंच, कुकर तापला की परत येतो. आणि फ्रीजमध्ये ठेवल्याशिवाय रिंग धरतच नसेल तर ती संपली असं समजा. कडांना बारीक तडे, रबर चपटं होऊन कडक होणं, किंवा शिट्टीआधी झाकणाच्या कडेने वाफ निसटणं, यातलं काही दिसलं की धुण्यात वेळ घालवू नका.

आता वरण उडण्याबद्दल, कारण ते वासापेक्षा गंभीर आहे. डाळीचा फेस, भाताची पेज, टोमॅटोची साल नळीत जाऊन वाळते आणि भोक हळूहळू बारीक होतं. शिट्टी नुसती फुसफुसते, उचलत नाही, मग अचानक पाण्यासकट उडते. वाफेचा एक भाग त्या वाळलेल्या थरावरून जाऊन थेंब बनून परत पदार्थात पडतो, म्हणजे वासाचं एक कारण इथेही आहे.

शिट्टी काढून झाकण उजेडाकडे धरा आणि आतल्या बाजूने नळीतून पाहा. उजेड पूर्ण गोल दिसला पाहिजे. चंद्रकोर दिसली तर आत थर आहे. झाकणाचा तो भाग कोमट साबणपाण्यात पंधरा मिनिटं भिजवा, मग बारीक तार दोन्ही बाजूंनी गोल फिरवत घाला. टूथपिक नको, तिचं टोक आत तुटलं की नवीन काम वाढतं. खिळा किंवा ड्रिलने भोक मोठं करू नका, शिट्टी ज्या कडेवर बसते ती खराब झाली की दाब कधीच नीट धरणार नाही. शेवटी आतल्या बाजूने नळाचं पाणी सोडा. एकच सरळ धार बाहेर पडली म्हणजे झालं. बोअरचं जड पाणी वापरत असाल आणि नळीत पांढरा थर दिसला तर त्यावर व्हिनेगरचे थेंब टाकून दहा मिनिटांनी पुन्हा तार फिरवा.

शिट्टीच्या आतलं निमुळतं टोकही ओल्या कपड्याने पुसा. तिथे चिकट थर बसला की नळी साफ असूनही शिट्टी उशिरा उचलते. नंतर दोन कप नुसतं पाणी घेऊन कुकर लावून पाहा. शिट्टी वेळेवर आणि कोरडी झाली तर तक्रार नळीची होती. नुसत्या पाण्यावर ठीक आणि वरणावर उडतं, तर तुम्ही जास्त भरताय. डाळ पाण्यासकट कुकरच्या एक तृतीयांशाच्या वर जाऊ देऊ नका. पाच लिटरच्या कुकरात दोन वाट्या डाळ आणि पाच वाट्या पाणी हा अंदाज ठीक आहे, वाटी २०० मिलीची धरली तर. चमचाभर तेल घातलं की फेस कमी येतो, आणि पहिल्या शिट्टीनंतर आच कमी करायलाच हवी.

या तपासणीत कधी झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व वितळलेला किंवा उडालेला दिसला तर कुकर वापरू नका आणि तिथे काही ठोकून बसवू नका. नळी बंद झाल्यावर किंवा पाणी आटल्यावर तो जातो, आणि नवीन बसवताना त्याच मॉडेलचाच लागतो.

धुऊन झाल्यावर झाकण कुकरवर बंद करून ठेवू नका, उलटं ठेवा किंवा टांगा, म्हणजे ओल आत कोंडणार नाही. हे सगळं करूनही वास किंवा पाणी थांबलं नाही तर रिंग आणि झाकण दोन्ही घेऊन दुकानात या, दुपारी चार ते सहामध्ये गर्दी कमी असते. नळी आणि हँडलचे स्क्रू समोरच खोलून पाहू, त्याचे पैसे घेत नाही.

— दुकानमालक