वादळाच्या इशाऱ्यात देवबागला अडकलेल्या पाहुण्यांना रिसॉर्टमालकाचं उत्तर

★☆☆☆☆
"वादळ येणार हे यांना शुक्रवारीच माहीत होतं, आम्हाला कळलं शनिवारी दुपारी, तेही वेटरकडून. मग दीड दिवस लाइट नाही. जनरेटर असून एसी बंद, तोही रात्री ११ ला बंद. आईला नेब्युलायझर लागतो, मध्यरात्री तो गाडीच्या बॅटरीवर चालवला. खायला माशांऐवजी पिठी-भात. रविवारी पाऊस थांबला तर गेट बंद करून आम्हाला निघू दिलं नाही आणि त्या जादा रात्रीचे पूर्ण पैसे घेतले. आणि शेवटी वादळ आलंच नाही!"

ताई, नमस्कार. उत्तराला आठवडा लागला, कारण आधी पोरांना बसवून शुक्रवार ते सोमवारचा सगळा हिशेब लावला. तुमच्या तक्रारीतल्या काही गोष्टी आमच्या चुका आहेत. काही ठिकाणी मात्र मी तुमच्याशी सहमत नाही.

निरोपापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं बरंचसं त्यातूनच झालं. शुक्रवारी संध्याकाळी मालवण बंदरात तीन नंबरचा बावटा लागला. जिल्ह्याला शनिवारसाठी ऑरेंज आणि रविवारसाठी रेड इशारा आला. आमचा नियम असा आहे की रेडच्या आदल्या दिवशी दुपारी १२ च्या आत निघायचं, नाहीतर रस्ता मोकळा होईपर्यंत राहायचं. अधलंमधलं काही नाही. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी आणि मधून मालवणकडे जाणारा एकच रस्ता, दोन्ही अंगांना माड. त्या दिवशी रात्री ८ वाजता आम्ही सगळ्यांना व्हॉट्सॲपवर कळवलं: उद्या दुपारपर्यंत निघणाऱ्यांना उरलेल्या रात्रींचे पैसे परत, थांबणाऱ्यांनी गाडीची टाकी भरून घ्यावी.

तुम्हाला तो निरोप मिळालाच नाही, हे खरं आहे. आमच्या पोराने तो ब्रॉडकास्ट लिस्टवरून पाठवला होता. ज्याच्या फोनमध्ये पाठवणाऱ्याचा नंबर सेव्ह असतो त्यालाच तो पोचतो. बाकीच्यांना काहीच दिसत नाही आणि पाठवणाऱ्याला वाटतं काम झालं. निरोपावर बोट दाबून धरलं की कोणाला पोचला ते दिसतं. त्या रात्री कोणी ते पाहिलं नाही. नंतर पाहिलं तर ११ खोल्यांपैकी ४ खोल्यांना तो गेलाच नव्हता. शनिवारी सकाळी ६ खोल्या रिकाम्या झाल्या तेव्हा उरलेल्या ५ खोल्यांवर जाऊन विचारायला हवं होतं. विचारलं नाही. कोणी थांबतंय म्हणजे ठरवून थांबतंय असं मी धरून चाललो, ही माझी चूक.

आता निरोप प्रत्येक नंबरला वेगळा जातो, सोबत साधा एसएमएस. शिवाय मोठ्या अक्षरातला छापील कागद घेऊन पोरगा दार वाजवतो आणि वहीत खोलीपुढे "निघणार" किंवा "थांबणार" लिहून सही घेतो. कागद यासाठी की लाइट गेल्यावर मोबाईलचा टॉवर स्वतःच्या बॅटरीवर काही तास तग धरतो, मग रेंजही जाते. त्यामुळे जे सांगायचं ते लाइट असेपर्यंतच सांगून झालेलं बरं.

जनरेटरच्या बाबतीत मात्र मी ऐकणार नाही. आमच्याकडे २५ केव्हीएचा जनरेटर आणि डिझेलचं २०० लिटरचं एक बॅरल आहे. स्वयंपाकघर, पंप आणि राहिलेल्या खोल्यांचे एसी एकदम चालवले तर तासाला साधारण ५ लिटर जातं, म्हणजे दिवसाला १२०. बॅरल दोन दिवसही पुरत नाही. एसी वगळले तर तासाला अडीच लिटरात भागतं. सकाळी ६ ते ८, दुपारी १ ते ३ आणि संध्याकाळी ७ ते ११ असे आठ तास चालवला तर दिवसाला २० लिटर, म्हणजे दहा दिवस. तुम्ही म्हणाल, लाइट तर दीड दिवसातच आली. पण शनिवारी रात्री खांब पडला तेव्हा ती दीड दिवसात येईल हे कोणाला ठाऊक होतं? मे २०२१ मध्ये तौक्तेच्या वेळी जिल्ह्यातल्या कितीतरी वाड्या अनेक दिवस अंधारात होत्या. लाइट नसेल तर पेट्रोल पंपही जनरेटर असेल तरच चालतो, आणि तिथवर जायला रस्ता लागतो. त्या आठ तासांत पाण्याची टाकी भरते, फ्रीझर पुन्हा गार होतो, सगळ्यांचे फोन चार्ज होतात. आमच्यासाठी जनरेटर एवढ्यासाठीच आहे.

रविवारी पहाटे तर तो पूर्ण बंदच ठेवला होता. वारा थेट शेडवर येत होता आणि पाऊस जाळीतून आत मारत होता. दार लावून जनरेटर चालवला तर धूर आत कोंडतो, उघडं ठेवलं तर अल्टरनेटरवर पाणी जातं. अशा वेळी अंधार परवडला.

तुमच्या आईंच्या बाबतीत मात्र आम्हाला काहीच सबब नाही. रिसेप्शनच्या मागे इन्व्हर्टर आहे, १५० एएचची बॅटरी, ती रात्रभर चालू असते. नेब्युलायझर पंधरा मिनिटं चालवला तरी तिला काही फरक पडत नाही. तुम्ही भर पावसात गाडीकडे पळालात, कारण हे तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, आणि कोणाला औषधाचं यंत्र लागतं का हे आम्ही विचारलंही नव्हतं. आता खोली देतानाच विचारतो: नेब्युलायझर, सीपॅप, इन्सुलिन, काय असेल ते. अशा पाहुण्यांना रिसेप्शनच्या शेजारची दोन नंबरची खोली देतो आणि इन्व्हर्टरची एक वायर कायमची तिथे ओढून घेतली आहे. इन्सुलिन असेल तर बर्फाच्या डब्यात ठेवतो, पण बर्फाला चिकटू देत नाही. गोठलं की ते वाया जातं.

आता जेवण. बावटा लागला की होड्या वर ओढतात. मग ताजी मासळी येणार कुठून? फ्रीझरमध्ये सुरमई होती, पण फ्रीझर आठ तास चालू आणि सोळा तास बंद. गच्च भरलेला फ्रीझर झाकण न उघडता साधारण दोन दिवस थंडी धरतो, अर्धा भरलेला एकच दिवस, आणि स्वयंपाकघरात झाकण कोण बंद राहू देतो! आम्ही एक जुनी युक्ती करतो: वाटीभर पाण्याचा बर्फ करून वर नाणं ठेवायचं. नाणं वरच असेल तर माल गोठलेला राहिला, बुडालं असेल तर मधे कधीतरी सगळं वितळून पुन्हा गोठलंय. रविवारी दुपारी नाणं वाटीच्या तळाशी होतं. ती सुरमई मी खड्ड्यात पुरली. तुमच्या मुलांना ती खाऊ घालून मी माझा धंदा वाचवला नसता. मालवणात वादळाच्या दिवशी घरोघरी कुळथाची पिठी आणि भातच असतो, सोबत भाजलेला सुका बांगडा. आमच्या कोठारात त्याचीच तयारी असते: २३ माणसांना दिवसाला ५ किलो तांदूळ, कुळीथ, डाळ, बटाटे, कांदे, अंडी, आणि प्यायला-रांधायला माणशी ४ लिटर, म्हणजे २० लिटरचे पाच जार. गॅसचे दोन सिलिंडर नेहमी भरलेले. हे चार दिवसांचं घेऊन ठेवतो. पण हे आधी सांगायला हवं होतं, ही तक्रार रास्त आहे. रेड इशाऱ्यात मेनूकार्ड बंद, तीच थाळी सगळ्यांना, असं आता त्या कागदावरच लिहिलंय. मुलांसाठी दूध पावडर आणि बिस्किटं वेगळी ठेवतो.

गेट मीच बंद केलं होतं. आधी वाऱ्यासाठी, कारण एक फळी निखळून फटाफट आपटत होती. मग तुम्ही ११ वाजता गाडी काढलीत तेव्हा मी आडवा उभा राहिलो, तेही खरं. पाहुण्याला अडवायचा मला हक्क नाही, आणि तुम्ही हट्ट धरला असतात तर मी गेट उघडलं असतं. पण त्या वेळी काय दिसत होतं तेवढं सांगतो. पाऊस थांबला होता, वारा नव्हता थांबला, दिशा बदलत होता. वादळ समुद्रात आपल्या पश्चिमेकडून उत्तरेला सरकतं तेव्हा आधी वारा जमिनीकडून, आग्नेयेकडून येतो, मग दक्षिणेकडून, आणि शेवटी नैऋत्येकडून, म्हणजे थेट समुद्रावरून. रात्रभर एका बाजूने हललेले माड मग दुसऱ्या बाजूने वाकतात आणि मुळं सैल झालेली असली की पडतात. आमच्या पोराने मोटारसायकलवरून जाऊन पाहिलं: रस्त्यावर तीन माड आडवे आणि एका ठिकाणी तार पाण्यात पडलेली. ती तार मेलेली आहे की जिवंत, हे लाइनमन सांगेपर्यंत कोणी तिथून जायचं नाही. दुपारी ४ ला तार बाजूला झाली, माड तोडायला संध्याकाळ झाली. तेव्हा निघाला असतात तर फोंडा घाट किंवा गगनबावडा अंधारात गाठावा लागला असता, दोन्हीकडे पडलेली झाडं. म्हणून सोमवारी सकाळी १० वाजता निघा म्हटलं.

"वादळ आलंच नाही" हे इथल्या माणसाला बोचतं, ताई. तौक्तेही इथे जमिनीवर आलं नव्हतं. ते १६ मे २०२१ ला आपल्या किनाऱ्याजवळून गेलं आणि १७ ला रात्री गुजरातमध्ये धडकलं. तरीही इथे घरांची छपरं उडाली, होड्या फुटल्या. केंद्र समुद्रातच राहिलं म्हणजे वादळ आलं नाही असं नसतं. तुमच्या वेळी आम्हाला कडेचाच तडाखा बसला, आणि तो आधीच मोजता आला असता असं मी म्हणत नाही.

उरले पैसे. रविवारी तुम्ही आमच्या सांगण्यावरून थांबलात, त्या रात्रीचं पूर्ण भाडं घेणं चुकीचं होतं. आता आम्ही थांबवलेल्या रात्रीला खोलीचं भाडं घेत नाही, फक्त जेवणाचे. तुमचं रविवारचं खोलीभाडं, आणि निरोप न पोचल्यामुळे जी सवलत हुकली त्यापोटी शनिवारच्या रात्रीचंही भाडं, ज्या खात्यातून आलं त्याच खात्यात काल परत केलं आहे. जेवणाचे पैसे ठेवून घेतले आहेत. पिठीचेसुद्धा.