अ‍ॅम्लो दुप्पट केली आणि पाय सुजले

"बीपीच्या सगळ्या गोळ्यांचं काम एकच, बीपी उतरवणं. मग दोन-दोन गोळ्या कशाला? एक पुरत नसेल तर तीच दुप्पट घ्या, तेवढाच फरक पडतो. दोन वेगळ्या गोळ्या म्हणजे दुप्पट साइड इफेक्ट आणि किडनी बाद. दुसरी गोळी फक्त डॉक्टर आणि कंपनीच्या फायद्याची. पुढे पाठवा."

हा मेसेज मला पेशंटच दाखवतात. तपासणीच्या टेबलावर बसल्या बसल्या मोबाइल पुढे करतात आणि "मॅडम, हे खरं का?" म्हणून विचारतात. जे विचारतात त्यांची मला काळजी नाही. जे न विचारता तसं वागतात त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. त्यातलेच एक काका दिंडोरी तालुक्यातले द्राक्षबागायतदार, वय अठ्ठावन्न. त्यांची गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगते.

आधी पहिलं वाक्य. नाशिकमध्ये बीपी समजावायला ठिबकसारखं दुसरं साधन नाही. बागेतल्या गेजवर प्रेशर जास्त दिसलं तर त्याची कारणं तीनच जागी असतात. मोटर जोरात चालते आहे, लाइनीत पाणी जास्त आहे, किंवा पुढचे व्हॉल्व्ह आवळलेले आहेत. शरीरात मोटर म्हणजे हृदय, पाणी म्हणजे रक्तातलं मीठ-पाणी आणि व्हॉल्व्ह म्हणजे अगदी बारीक धमन्या. अ‍ॅम्लोडिपिन किंवा सिल्निडिपिन या गोळ्या धमनीच्या भिंतीतल्या स्नायूत कॅल्शियम शिरू देत नाहीत, त्यामुळे तो स्नायू सैलावतो आणि व्हॉल्व्ह उघडतो. क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड या 'लघवीच्या गोळ्या' किडनीवाटे मीठ आणि त्यामागून पाणी बाहेर काढतात. मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्या मोटरचा वेग कमी करतात. हृदयविकार किंवा धडधडीचा त्रास नसेल तर आम्ही सहसा त्यांच्यापासून सुरुवात करत नाही.

चौथा गट थोडा वेगळा. किडनीला प्रेशर कमी वाटलं की ती रेनिन सोडते, त्यातून पुढे अँजिओटेन्सिन तयार होतं. हे अँजिओटेन्सिन धमन्या आवळतं आणि किडनीला मीठ साठवायला लावतं. रामिप्रिल, एनालाप्रिल ही 'प्रिल' मंडळी ते तयार होऊ देत नाहीत. टेल्मिसार्टन, लोसार्टन ही 'सार्टन' मंडळी ते तयार झालं तरी धमनीवर त्याचा हुकूम चालू देत नाहीत. म्हणजे गेजचा काटा सगळ्याच गोळ्यांनी खाली येतो, पण प्रत्येकीचा हात वेगळ्या जागी असतो.

आता दुप्पट डोसची गोष्ट, कारण खरं नुकसान इथे होतं.

काकांचं बीपी पहिल्यांदा १६८/९८ भरलं. दोन वेगवेगळ्या दिवशी पुन्हा मोजलं, तेव्हाही तसंच. तेव्हा मीच एका गोळीने सुरुवात केली, अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम. महिन्याने बीपी १५४/९२ आलं. उतरलं होतं, पण पुरेसं नव्हतं. दुसरी गोळी जोडू म्हटलं तर काका म्हणाले, "घरी विचारून येतो." त्यानंतर दीड महिना ते आलेच नाहीत. त्या काळात हा मेसेज त्यांच्यापर्यंत पोचला होता आणि ते सकाळी अ‍ॅम्लोच्या दोन गोळ्या, म्हणजे १० मिलिग्रॅम घेत होते.

आले तेव्हा बीपी १४८/८८ होतं. डोस दुप्पट, आणि वरचा आकडा फक्त सहाने खाली. पण काका बीपीसाठी आलेच नव्हते. खुर्चीत बसून त्यांनी मोजे काढले. मोज्याच्या इलॅस्टिकची खोल वळी दोन्ही पायांवर उमटली होती. नडगीच्या हाडावर मी अंगठा दाबून धरला आणि उचलला, तर तिथे खळगा राहिला, हळूहळू भरला. "मॅडम, किडनी गेली का माझी?" एवढंच त्यांनी विचारलं. शेजाऱ्यांनी दिलेली लघवीची गोळीही चार दिवस घेऊन झाली होती. रात्रभर उठावं लागलं, पण सूज होती तेवढीच राहिली.

ती गोळी का चालली नाही हे कळलं की सगळंच कळतं. अ‍ॅम्लोडिपिन धमन्या उघडतं, पण पलीकडच्या, रक्त परत नेणाऱ्या बारीक शिरा तितक्या उघडत नाही. वाफ्यात येणारा पाट रुंद केला आणि निचऱ्याचा चर होता तेवढाच ठेवला, तर पाणी वाफ्यातच तुंबतं. तसंच इथे केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी आजूबाजूच्या मांसात पाझरतं. अंगात पाणी जास्त झालेलं नसतं, फक्त ते भलत्या जागी गेलेलं असतं. मग लघवीवाटे कितीही काढलं तरी पाय उतरणार कसे?

हे डोसवर अवलंबून आहे. अ‍ॅम्लोडिपिनच्या चाचण्यांत ५ मिलिग्रॅमवर शंभरातल्या साधारण तिघांचे पाय सुजले, १० वर दहा-अकरा जणांचे. डोस दुप्पट, सूज तिपटीहून जास्त. बीपीचा फायदा मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. निरनिराळ्या गटांच्या गोळ्यांवरच्या ३५४ चाचण्यांचा एकत्रित हिशोब २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात नेहमीच्या डोसने वरचं बीपी सरासरी ९ ने उतरलं आणि त्याच्या निम्म्या डोसने ७ ने. म्हणजे गोळीचा बहुतेक फायदा पहिल्या अर्ध्यातच मिळून जातो. २००९ मध्ये ४२ चाचण्या आणि जवळपास अकरा हजार रुग्णांची आकडेवारी एकत्र तपासली गेली. एकाच गोळीचा डोस दुप्पट करण्यापेक्षा दुसऱ्या गटातली गोळी जोडल्याने बीपी साधारण पाचपट जास्त उतरतं, असं त्यातून निघालं.

असं का होतं? कारण शरीर गप्प बसत नाही. गोळीने प्रेशर खाली आलं की किडनीला वाटतं लाइन कोरडी पडली. ती रेनिन सोडते आणि व्हॉल्व्ह पुन्हा आवळू लागतात, मीठ साठू लागतं. तुम्ही एक जागा जितकी ओढता, तितकं शरीर दुसरीकडून मागे ओढतं. लघवीच्या गोळीने तर ही ओढ विशेष जोरात सुरू होते. त्या दुसऱ्या जागीच टेल्मिसार्टन हात धरतं, म्हणून पहिल्या गोळीने मिळवलेलं टिकतं.

साइड इफेक्टची बेरीजही म्हणूनच चुकते. काकांची लघवी तपासली, प्रथिनं नव्हती. किडनी रक्त नीट गाळते का ते सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन ०.९, म्हणजे किडनी ठीक. दम लागत नव्हता, सूज दोन्ही पायांना सारखी आणि सकाळी कमी. (एकच पाय सुजला, दुखला, गरम लागला तर तो प्रकार वेगळा असतो, रक्ताची गुठळी असू शकते, तेव्हा लगेच दाखवायचं.) मी अ‍ॅम्लोडिपिन पुन्हा ५ वर आणलं आणि टेल्मिसार्टन ४० जोडलं, दोन्ही मिळून एकच गोळी. टेल्मिसार्टन त्या पलीकडच्या शिराही सैल करतं, म्हणजे वाफ्याचा चरही रुंद होतो. दहा-बारा दिवसांत मोज्याची वळी दिसेनाशी झाली. तीन आठवड्यांनी बीपी १३२/८२. इथे दुसऱ्या गोळीने पहिलीचा त्रास कमी केला. लघवीच्या गोळीबाबतही असंच आहे. तिने रक्तातलं पोटॅशियम उतरतं, सार्टनने चढतं, एकत्र दिल्या की ते बऱ्याचदा जागेवर राहतं.

किडनीबद्दलची भीती मात्र मी उडवून लावणार नाही, कारण तिच्यात एक खरा धागा आहे. सार्टन आणि प्रिल किडनीच्या गाळणीतला दाब कमी करतात. मधुमेहात लघवीतून प्रथिनं जात असतील तर हेच किडनीला वाचवतं. पण दाब कमी झाल्याने सुरुवातीला क्रिएटिनिन थोडं चढू शकतं. म्हणून गोळी सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचं. आधीच्या आकड्यापेक्षा तीस टक्क्यांपर्यंत वाढ चालते. त्याहून जास्त झाली तर गोळी थांबवून कारण शोधावं लागतं, कधी किडनीची धमनीच अरुंद निघते. काकांचं क्रिएटिनिन १.० आणि पोटॅशियम ४.४ आलं. गरोदरपणात किंवा मूल हवं असताना हे दोन्ही गट चालत नाहीत.

आणि कुठल्याही दोन गोळ्यांची जोडी जमते असंही नाही. टेल्मिसार्टन आणि रामिप्रिल एकत्र देऊन २००८ मध्ये मोठी चाचणी झाली. फायदा वाढला नाही, चक्कर आणि किडनीचा त्रास तेवढा वाढला. दोघांचा हात एकाच जागी, मग असंच होणार. तुमच्या चिठ्ठीवर एक 'प्रिल' आणि एक 'सार्टन' दोन्ही दिसले तर डॉक्टरांना जरूर विचारा, तो प्रश्न रास्त आहे.

फायद्याचं म्हणाल तर सरकारी आरोग्य केंद्रात गोळी मोफत मिळते, तिथे कोणाला काही विकायचं नसतं. तिथल्या उपचाराच्या ठरलेल्या पायऱ्यांमध्येही अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोनच एकाला एक जोडतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुरुवातच दोन औषधांच्या एकत्र गोळीने करण्याचा पर्याय सुचवला. काकांची जोडगोळी जनऔषधी दुकानात मिळते, ते तिथूनच घेतात.

ऑक्टोबर छाटणीनंतर काका आले तेव्हा बीपी पुन्हा १४६/९० होतं. सोबत आलेल्या पुतण्याने लगेच विचारलं, "आता तिसरी का?" मी काकांना खिसे रिकामे करायला सांगितले. डायक्लोफिनॅकची पट्टी निघाली, पाठ धरली होती म्हणून रोज दोन. ही दुखण्याची गोळी किडनीला मीठ साठवायला लावते, बीपीच्या गोळीने केलेलं काम खोडते, आणि सार्टनच्या जोडीला किडनीवर ताण आणते. सोबत लघवीची गोळीही चालू असेल तर आणखीच. मी तिसरी गोळी दिली नाही. डायक्लोफिनॅक बंद केलं, पाठीला शेक आणि गरजेपुरतं पॅरासिटामॉल सांगितलं. जुलाब-उलट्या होऊन अंगातलं पाणी गेलं तर बीपीच्या गोळीबद्दल त्याच दिवशी फोन करून विचारायचं, हेही पुतण्याला लिहून दिलं. दोन आठवड्यांनी बीपी १३०/८० भरलं, त्याच एका जोडगोळीवर.