‘फॉरमॅट केल्यावर फोटो परत येतात’ म्हणे!

«मेमरी कार्ड बदलल्यावर फोटो दिसेनासे झाले तर घाबरू नका. जुने कार्ड पुन्हा लावा, फॉरमॅट विचारले की OK दाबा, फोटो आपोआप परत येतील. तरी आले नाहीत तर जुने कार्ड Forget करा किंवा फोन फॅक्टरी रीसेट करा. मीडिया स्टोरेजचा डेटा क्लिअर केला तरी चालते. नाहीतर गुगल फोटोजमध्ये सगळे असतेच. सर्वांना पाठवा.»

हा निरोप जुळे सोलापुरातल्या माझ्या आत्याने मला पाठवला आणि खाली एवढेच विचारले, “दाबू का?” तिने विचारले म्हणून बरे झाले. तिच्या फोनमध्ये नातीच्या बारशाचे आणि गेल्या तीन गड्डा यात्रांतले नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे फोटो होते, आणि त्यांची दुसरी प्रत कुठेही नव्हती.

आधी तिच्या फोनचे नेमके काय झाले होते ते सांगतो. तिचा फोन ३२ जीबीचा आहे. दोन वर्षांपूर्वी एका दुकानदाराने त्यात ६४ जीबीचे कार्ड घातले आणि ते ‘फोन स्टोरेज’ म्हणून जोडून दिले. हे कार्डही भरल्यावर नवी पेठेतल्या दुसऱ्या एका दुकानात तिने १२८ जीबीचे कार्ड घेतले. तिथल्या मुलाने जुने काढले, नवे घातले आणि जुने कार्ड कागदाच्या पुडीत बांधून तिच्या हातात दिले. घरी येऊन पाहते तो गॅलरी रिकामी, आणि कॅमेराही फोटो काढायला तयार नाही. जुने कार्ड तिने शेजाऱ्यांच्या फोनमध्ये घालून पाहिले, तर त्या फोनने कार्ड ओळखता येत नसल्याचे सांगून ते नव्याने तयार करण्याची परवानगी मागितली. निरोपातला ‘फॉरमॅट विचारले की’ हा प्रसंग नेमका हाच आहे.

अँड्रॉइडमध्ये कार्ड दोन प्रकारे वापरता येते. साध्या प्रकारात कार्ड सुटे राहते, म्हणजे ते काढून संगणकाला किंवा दुसऱ्या फोनला लावले की त्यातले फोटो दिसतात. दुसरा प्रकार २०१५ साली अँड्रॉइड ६.० पासून आला. त्यात फोन कार्डाला आपल्या आतल्या साठवणुकीचाच भाग करून घेतो. काही कंपन्या ही सोय देत नाहीत, पण आत्याच्या फोनमध्ये ती होती. अँड्रॉइडच्या अधिकृत तांत्रिक माहितीत याविषयी स्पष्ट लिहिले आहे की असे कार्ड फॉरमॅट करून कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारे, केले जाते, ते एका वेळी एकाच फोनबरोबर चालते आणि त्याची किल्ली त्या फोनच्या आतल्या साठवणुकीत ठेवलेली असते. एवढे एक वाक्य समजले तरी त्या निरोपातला निम्मा भाग निकालात निघतो.

शेजाऱ्यांच्या फोनला कार्ड कळले नाही याचा अर्थ कार्ड बिघडले असा होत नाही. त्या फोनकडे किल्ली नव्हती, इतकेच. तिथे परवानगी दिली असती तर कार्ड नव्याने आखले गेले असते आणि आतले फोटो कायमचे गेले असते. साधे, सुटे कार्ड चुकून फॉरमॅट झाले आणि त्यावर नंतर काही लिहिले गेले नाही, तर फोटोरेकसारख्या मोफत प्रोग्रामने बरेच फोटो परत मिळतात, कारण तो प्रोग्राम जेपीईजी फाइलच्या सुरुवातीच्या ठरावीक खुणा शोधत कार्डभर फिरतो. कूटबद्ध कार्डावर त्या खुणाच दिसत नाहीत, त्यामुळे तिथे हा उपाय लागू पडत नाही.

Forget चा सल्ला तर मला सगळ्यांत घातक वाटतो, कारण तो शब्द दिसायला निरुपद्रवी आहे. फोनच्या स्टोरेजच्या पानावर गैरहजर कार्डाचे नाव दिसत राहते आणि ते ‘विसरण्याची’ सोय तिथेच असते. ते केले की फोन त्या कार्डाची किल्ली टाकून देतो. मग कॅमेरा पुन्हा चालू होतो, म्हणून माणसाला वाटते की काम झाले. हातातले कार्ड मात्र त्या क्षणापासून कुलूपबंद पेटीसारखे होते. फॅक्टरी रीसेटनेही किल्ली जाते, त्यामुळे त्याबद्दल वेगळे लिहीत नाही.

मीडिया स्टोरेजच्या मुद्द्यात अर्धे तथ्य आहे, ते मान्य करतो. गॅलरी फोटो स्वतः शोधत नाही, फोनने तयार केलेली यादी दाखवते, आणि कार्ड बदलल्यावर ती यादी कधी कधी जुनीच राहते. अशा वेळी फोन बंद करून चालू केला तरी बहुधा भागते. पण आधी फाइल्सचे ॲप उघडून कार्डावरच्या DCIM फोल्डरमधले Camera पाहावे. तिथे फोटो दिसतात आणि गॅलरीत दिसत नाहीत, तर दोष यादीचा आहे, किंवा त्या फोल्डरमध्ये .nomedia नावाची फाइल आहे, जी असली की गॅलरी तो फोल्डर वगळते. फाइल्सच्या ॲपमध्येच फोटो नसतील, तर यादी कितीही वेळा पुसली तरी ते येणार नाहीत.

गुगल फोटोजमध्ये सगळे असते ते बॅकअप चालू असेल तरच, आणि कॅमेऱ्याखेरीज इतर फोल्डर तिथे वेगळे निवडावे लागतात. आत्याचा बॅकअप बंद होता.

आम्ही केले ते असे. फोन बंद केला, नवे कार्ड काढले, जुने कार्ड त्याच फोनमध्ये घातले आणि फोन चालू केला. दोन-तीन मिनिटांत गॅलरी भरली. फोटो परत आणण्याचे काम एवढेच होते. वेळ गेला तो पुढच्या कामात, म्हणजे नव्या कार्डावर जाण्यात. जुने कार्ड फोनमध्येच ठेवून फोन केबलने संगणकाला जोडला, केबलची पद्धत फाइल पाठवण्याची निवडली आणि हे तीन फोल्डर उतरवून घेतले:

```
DCIM
Pictures
Android/media/com.whatsapp
```

तिसरा बहुतेक जण विसरतात, आणि नातेवाइकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेले बारशाचे फोटो नेमके त्यातच होते. दोन्हीकडच्या फाइलींची संख्या जुळवली. DCIM मध्ये पहिल्या वेळी सदतीस फाइली कमी भरल्या, कारण मध्येच केबल हलली होती, म्हणून तो फोल्डर पुन्हा उतरवला. मग नवे कार्ड कार्ड रीडरमधून संगणकाला लावून दुसरी प्रत त्यावर घेतली आणि मधलेअधले पंधरा-वीस फोटो उघडून पाहिले. हे झाल्यावरच फोनमधले फोटो पुसले. उरलेला पसारा आता ३२ जीबीच्या फोनमध्ये मावणार होता, म्हणून स्टोरेजच्या पानावरून Migrate data करून तो आत घेतला, कार्डावरची ॲपही फोनमध्ये हलवली आणि मग जुने कार्ड काढले. नवे कार्ड घालताना फोनने विचारले, तेव्हा ते सुट्या प्रकारात ठेवले आणि कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फोटो साठवण्याची जागा म्हणून तेच निवडले.

जुने कार्ड पुन्हा त्याच पुडीत बांधून आत्याच्या कपाटात ठेवले आहे आणि संगणकावरची प्रत माझ्याकडे आहे. तो निरोप तिने कुटुंबाच्या ग्रुपवरून काढून टाकला, पण तोवर माझ्या दोन चुलत भावांनी तो पुढे धाडलेला होता.