मीडियन लावला म्हणून रँकिंग बरोबर येत नाही

"प्रॉडक्ट रँक करताना सरासरी काढणं सोडा, मीडियन घ्या. फेक रिव्ह्यू आले तरी मीडियन हलत नाही आणि खरा क्रम आपोआप मिळतो."

असा सल्ला दिला जातो. मीडियन म्हणजे सगळी रेटिंग क्रमाने लावली की मधोमध येणारा आकडा. सरासरीची भीती मुळात पगार किंवा घरांच्या किमतींवरून आलीये, तिथे एक करोडपती घुसला की सरासरी कुठल्या कुठे जाते. पण स्टार 1 ते 5 मध्येच अडकलेले असतात. आधीच 100 रिव्ह्यू असतील तर एक नवा फेक रिव्ह्यू सरासरी फार तर 0.04 ने हलवतो, बस.

आता "मीडियन हलत नाही" हे बघा. मिक्सर अ ला 100 रिव्ह्यू, 52 जणांनी 5 दिलेत आणि 48 जणांनी 1, कारण मोटर जळते. मीडियन 5, सरासरी 3.08. यावर कुणी फक्त 6 फेक 1-स्टार टाकले की मीडियन 5 वरून थेट 1 वर, आणि सरासरी 2.96. मत असं जवळपास निम्मं-निम्मं दुभंगलेलं असलं की मीडियन कड्यावर उभा असतो, आणि ऑनलाइन रेटिंगमध्ये दुभंगलेलं मत बऱ्याचदा दिसतं, कारण बहुतेक वेळा खूप खूश झालेला नाहीतर चिडलेलाच माणूस लिहायला बसतो. सगळे 4-5 च्या आसपास असतील तर मात्र मीडियन खरंच घट्ट राहतो, तेवढं मान्य.

आणि क्रमाचं काय? मिक्सर ब ला 45 जणांनी 5 आणि 55 जणांनी 4 दिलेत, एकही तक्रार नाही. मीडियन 4. म्हणजे जवळपास निम्म्या लोकांनी शिव्या घातलेला अ (फेक येण्याआधीचा) वर आणि ब खाली! शिवाय मीडियनला 1, 1.5, 2 असे 5 पर्यंत नऊच आकडे शक्य आहेत, मग हजार प्रॉडक्टमधले शेकडो एकाच आकड्यावर बरोबरीत येणार, त्यांचा क्रम कसा लावणार?

तिसरा मिक्सर क घ्या, काल लिस्ट झाला, मालकाच्याच तीन मित्रांनी 5 दिले. मीडियन 5, साधी सरासरीही 5, दोन्ही फसले. इथे बेजियन सरासरी कामाला येते, म्हणजे प्रत्येक प्रॉडक्टला आधीच 20 काल्पनिक रिव्ह्यू द्यायचे, कॅटेगरीच्या सरासरीचे, समजा 4 चे:

```
(स्टारची बेरीज + 20 × 4) / (रिव्ह्यूंची संख्या + 20)
```

ब 4.38, क 4.13, अ 3.23. हा क्रम पटतो. आयएमडीबीने टॉप 250 साठी जाहीर केलेला फॉर्म्युलाही याच धर्तीचा आहे.

पण क वर तीनऐवजी 200 फेक 5-स्टार पडले तर हाही फॉर्म्युला 4.9 च दाखवणार. अशा वेळी मोजायच्या आधी रिव्ह्यू गाळावे लागतात: खरेदी झालीच नाही अशी अकाउंट, एकाच दिवशी आलेला लोंढा, तेच तेच वाक्य. मीडियनही इथे 5 च सांगतो.